चार पैशांची बिलं: बिलिंग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

बिलिंग आणि अकाउंटिंगची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींनो, नमस्कार.

मी कोल्हापुरात छोट्या दुकानदारांचे आणि कारखानदारांचे हिशेब बघते, त्यांची जीएसटीची रिटर्न भरते. तुमच्यापैकी चार-पाच जणांची सॉफ्टवेअर दिवसभर माझ्यासमोर उघडी असतात. त्यांच्याबद्दल एरवी माझी फार तक्रार नाही. हे पत्र एकाच गोष्टीसाठी आहे: बिलातल्या प्रत्येक ओळीवर काढलेला कर आणि त्याच बिलाच्या एकूण रकमेवर काढलेला कर यांत पडणारा पैशांचा फरक.

आमच्या एका अशिलाचं नट-बोल्टचं दुकान आहे. त्यांनी एका मोठ्या कारखान्याला एकेचाळीस ओळींचं बिल पाठवलं. महिना झाला तरी पैसे नाहीत. चौकशी केली तर कळलं, बिल अडवलंय. काका मला फोनवर म्हणाले, "मॅडम, अकरा पैशाचा फरक हाय म्हणत्यात. अकरा पैसे मी त्यांना रोख नेऊन देऊ का?" मी त्या कारखान्याच्या बिल पास करणाऱ्या माणसाशी बोलले. तो बिचारा सभ्य होता. म्हणाला, "ताई, आमची सिस्टीम एकूण रकमेवर नऊ टक्के काढते. तुमचा सीजीएसटी अकरा पैशांनी जास्त येतोय. क्रेडिट नोट पाठवून द्या, मी लगेच पास करतो." अकरा पैशांची क्रेडिट नोट! ती पुन्हा रिटर्नमध्ये दाखवायची, त्यांनी ती स्वीकारायची, दोघांनीही जपून ठेवायची.

ते बिल घेऊन बसले. एकही ओळ चुकलेली नव्हती, दर बरोबर होते आणि बेरीजही बरोबर होती. त्याच बिलातल्या मालासारख्या चार ओळी घेऊन दाखवते, म्हणजे फरक कुठून येतो ते डोळ्यांना दिसेल. चारही वस्तू एकाच एचएसएन ७३१८ खाली येतात, कर १८ टक्के, विक्री राज्यातल्या राज्यात, म्हणजे सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९.

| माल | नग | दर | रक्कम | ९% नेमके | पैशांपर्यंत |
|---|---|---|---|---|---|
| बोल्ट | ३० | २.३५ | ७०.५० | ६.३४५ | ६.३५ |
| वॉशर | ५० | ०.८५ | ४२.५० | ३.८२५ | ३.८३ |
| स्प्रिंग वॉशर | २५ | ०.७० | १७.५० | १.५७५ | १.५८ |
| ग्रब स्क्रू | १५ | ३.१० | ४६.५० | ४.१८५ | ४.१९ |
| एकूण | | | १७७.०० | १५.९३ | १५.९५ |

शेवटच्या ओळीतले दोन आकडे बघा. १७७ रुपयांवर नऊ टक्के म्हणजे बरोबर १५.९३. पण ओळीओळीने पैशापर्यंत आणून बेरीज केली तर १५.९५. प्रत्येक ओळीत अर्धा पैसा वर गेला, चार ओळींचे दोन पैसे झाले. एसजीएसटीतही तेवढेच, म्हणजे बिलावर चार पैसे.

गंमत अशी की गिऱ्हाईक दोन्ही हिशेबांत तेवढेच पैसे देतं. ओळीच्या हिशेबाने बिल २०८.९० होतं, एकूण रकमेच्या हिशेबाने २०८.८६. राउंड ऑफ धरून दोन्हीकडे २०९. त्यामुळे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला हा फरक कधी दिसतच नाही. तो दिसतो तीन आठवड्यांनी, समोरच्याच्या खरेदीच्या नोंदीत आणि आमच्या रिटर्नमध्ये.

आणि हा फरक जवळजवळ नेहमी वरच्याच बाजूला का जातो? लोकांना वाटतं की काही ओळी वर जातील, काही खाली, शेवटी फिटून जाईल. रकमा कशाही विखुरलेल्या असत्या तर बऱ्याच अंशी तसं झालंही असतं. पण आपल्याकडे दर ठरतात ते रुपया, आठ आणे, चार आण्यांच्या हिशेबात. नऊ टक्क्यांच्या बाबतीत एक साधी गोष्ट आहे: रक्कम पूर्ण रुपयांत असेल तर कर पैशापर्यंत नेमका येतो, काही उरत नाही. आणि रकमेच्या शेवटी पन्नास पैसे असतील तर, आणि फक्त तेव्हाच, कर बरोबर अर्ध्या पैशावर अडकतो. अर्धा आला की वर न्यायचा ही आपली रीत, म्हणून आठ आण्यांवर संपणारी प्रत्येक ओळ अर्धा पैसा वर ढकलते. पूर्ण रुपयांच्या ओळी काहीच परत देत नाहीत. नट-बोल्ट, स्टेशनरी, इलेक्ट्रिकलचा फुटकळ माल विकणाऱ्यांच्या बिलांत म्हणूनच हे दुखणं जास्त.

आता अर्ध्या पैशाचं काय करायचं, यावरच तुमच्यात एकमत नाही. एक्सेलच्या शीटमधलं `ROUND` अर्धा आला की वर नेतं. त्याच एक्सेलच्या आत मॅक्रो लिहायला जी व्हीबीए भाषा आहे, तिचं `Round` मात्र अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे नेतं. डॉटनेटमधलं `Math.Round` काही न सांगता वापरलं तर तेही असंच करतं. या पद्धतीला बँकर्स राउंडिंग म्हणतात. तिच्यामागचा विचार चांगला आहे, निम्मे वर जावेत आणि निम्मे खाली, पण आपल्या कायद्याची ती रीत नाही. वरच्या चार ओळी त्या पद्धतीने काढल्या तर ६.३४, ३.८२, १.५८ आणि ४.१८ येतात. बेरीज १५.९२. म्हणजे एकाच बिलाचे तीन कर झाले: १५.९५, १५.९३ आणि १५.९२.

चौथा प्रकार याहून वाईट, कारण तो कुणी ठरवून केलेला नसतो. पैसे फ्लोटिंग पॉइंटमध्ये ठेवले की तो होतो. पाच टक्क्यांच्या मालाचं उदाहरण घ्या. १०७ रुपयांची वस्तू, सीजीएसटी अडीच टक्के, म्हणजे २.६७५. वर नेलं तर २.६८ यायला हवं. संगणकात मात्र २.६७५ हा आकडा बायनरीत नेमका मावत नाही, तो केसभर कमी साठतो आणि उत्तर २.६७ येतं. पायथनमध्ये `round(107*2.5/100, 2)` लिहून बघा. जावास्क्रिप्टमध्ये `(2.675).toFixed(2)` लिहिलंत तरी तेच येईल. असा पैसा कधी गळतो, कधी गळत नाही, आणि रकमेवर अवलंबून असल्यामुळे दुकानदाराला त्यात काही संगती लागत नाही. माझ्याकडे येऊन तो एवढंच सांगतो की सॉफ्टवेअर कधी बरोबर कधी चूक देतंय.

कायदा काय म्हणतो, हे तुमचे मदत केंद्रातले लोक आम्हाला वारंवार सांगतात, आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी सांगतात. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० म्हणतं की या कायद्याखाली देय असलेला कर, व्याज, दंड, परतावा जवळच्या रुपयापर्यंत आणायचा. पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर एक रुपया वाढवायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. माझ्या वाचनाप्रमाणे हे सरकारला भरायच्या रकमेबद्दल आहे, बिलातल्या प्रत्येक ओळीबद्दल नाही. तरी एका सॉफ्टवेअरने ओळीओळीचा कर थेट रुपयात आणून ठेवला होता. १७.५० रुपयांच्या स्प्रिंग वॉशरवर १.५८ ऐवजी २ रुपये सीजीएसटी. तिथे नऊ टक्क्यांचे जवळजवळ साडेअकरा टक्के होतात. कलम १७० मधून आपण घ्यायचं ते एवढंच की अर्धा आला की वर. ती दिशा पैशाच्या राउंडिंगलाही लावली म्हणजे सगळीकडे एकच रीत राहते. ओळ की एकूण, याचं उत्तर मात्र त्या कलमात नाही. बिलात काय काय असावं ते सांगणारा नियम ४६ करपात्र मूल्य, दर आणि कराची रक्कम मागतो. कर कोणत्या पातळीवर पैशात आणायचा यावर तोही गप्प आहे.

कायदा गप्प असला तरी फॉर्म गप्प नाहीत, आणि खरी अडचण तिथे आहे. सरकारचेच दोन फॉर्म दोन पद्धतींनी चालतात. ई-इन्व्हॉइसच्या रचनेत प्रत्येक ओळीला स्वतःचा `CgstAmt` आणि `SgstAmt` द्यावा लागतो, आणि खाली एकूण `CgstVal`, `SgstVal`. म्हणजे ओळीचा कर ही तिथे पहिली गोष्ट आहे. उलट, आमच्या काकांसारखे ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या आत आहे, ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू नाही, त्यांचं जीएसटीआर-१ बऱ्याचदा सरकारच्या ऑफलाइन टूलच्या एक्सेल शीटमधून जातं. त्यातलं बी-टू-बीचं पान उघडून बघा. बिल नंबर, तारीख, बिलाची रक्कम, दर, करपात्र मूल्य असे रकाने आहेत, पण सीजीएसटी-एसजीएसटीचा रकानाच नाही. टूल १७७ वर नऊ टक्के स्वतः काढतं आणि १५.९३ धरतं. छापलेल्या बिलावर १५.९५ आहे. आणि त्याच फाइलमधल्या एचएसएनच्या पानावर कराचे रकाने आहेत, ते तुमचं सॉफ्टवेअर भरतं, तिथे १५.९५ जातं. एकाच रिटर्नमध्ये एकाच मालाचा कर दोन ठिकाणी दोन.

दोन पैशांनी जग बुडत नाही हे मलाही कळतं. पण रिटर्नमधली ही रक्कम समोरच्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये जाऊन बसते. त्याच्या खरेदीच्या रजिस्टरला १५.९५, २बी मध्ये १५.९३, आणि त्याचं जुळवणी करणारं सॉफ्टवेअर, तेही तुमच्यापैकीच कुणीतरी लिहिलेलं, लाल रंगात दाखवतं: जुळत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम आली आहे, तिथे घेणारा बिल स्वीकारू शकतो, नाकारू शकतो किंवा लांबणीवर टाकू शकतो. लाल रंग बघून नाकारायचं बटण दाबणारा कारकून मी पाहिलेला आहे.

मग ओळ की एकूण? जगात दोन्ही पद्धती चालतात. युरोपच्या ई-इन्व्हॉइसचा मानक, ईएन १६९३१, एका दराच्या सगळ्या ओळींची बेरीज करून तिच्यावर कर काढतो आणि तिथेच दोन दशांशांपर्यंत आणतो. ओळीला कराची रक्कमच नसते. त्याच युरोपात नेदरलँड्सच्या एका सुपरमार्केट कंपनीने, आहोल्डने, प्रत्येक वस्तूवरचा कर खालच्या बाजूला आणायची परवानगी मागितली होती. २००८ साली युरोपियन न्यायालयाने सांगितलं की तसा हक्क युनियनच्या कायद्यात नाही. दर वस्तूमागे पैशाचा काही भाग खाली, आणि दिवसाला लाखो वस्तू, हा धंदा होऊ शकतो हे त्यांनाही कळलं असणार. आपल्याकडे मात्र, ई-इन्व्हॉइसला ओळीचा कर लागतो आणि एचएसएनच्या गोषवाऱ्याला वस्तूनिहाय कर लागतो, म्हणून माझा कौल ओळीला आहे. कारण शुद्धतेचं नाही. वस्तूनिहाय तुकडे एकदा मागितले की त्या तुकड्यांची बेरीजच एकूण असली पाहिजे.

तेव्हा माझी पहिली मागणी: पैसा एकदाच गोल करा, ओळीवर, आणि त्यानंतर कुठेही पुन्हा गुणाकार करू नका. बिलाचा सीजीएसटी म्हणजे ओळींच्या सीजीएसटीची बेरीज. एचएसएनचा कर म्हणजे त्या एचएसएनच्या ओळींची बेरीज. महिन्याचा कर म्हणजे बिलांची बेरीज. ओळीवर काढलेला तो पैशातला आकडा डेटाबेसमध्ये दोन दशांशांच्या खऱ्या दशांश प्रकारात साठवा, आणि बिल पुन्हा छापताना, रिटर्नची फाइल बनवताना तोच वाचा. मी पाहिलेल्या निम्म्या भानगडी इथल्याच: बिल छापताना एक फंक्शन, एचएसएन रिपोर्टला दुसरं फंक्शन, आणि दोन्ही दर गुणिले रक्कम नव्याने करतात. ऑफलाइन टूलच्या एक्सेलऐवजी जेसन फाइल बनवून देत असाल तर त्यात बी-टू-बीच्या कराची रक्कम तुमच्या हातात असते. तिथे बेरीज घाला.

दुसरी गोष्ट सीजीएसटी-एसजीएसटीची. काही जण आधी अठरा टक्के काढतात आणि मग दोन भाग करतात. बोल्टच्या ओळीवर अठरा टक्के म्हणजे १२.६९. त्याचे निम्मे ६.३४५. एकाला ६.३५ दिले की दुसऱ्याला ६.३४ उरतात, आणि ई-इन्व्हॉइसचं पोर्टल दोन्ही कर समान नाहीत म्हणून बिल परत पाठवतं. दोन्ही कर दोन वेगळ्या कायद्यांखाली नऊ-नऊ टक्के आहेत. सीजीएसटी एकदा काढा आणि एसजीएसटीला तोच आकडा द्या. राज्याबाहेरच्या बिलावर आयजीएसटी १२.६९ येईल आणि राज्यातल्या बिलावर दोन्ही मिळून १२.७०, एका पैशाचा फरक राहील. तो राहू द्या, तो चूक नाही.

```python
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP

def paise(x):
    return x.quantize(Decimal("0.01"), rounding=ROUND_HALF_UP)

amt  = paise(Decimal("30") * Decimal("2.35"))   # 70.50
cgst = paise(amt * Decimal("9") / 100)          # 6.35
sgst = cgst
```

मी प्रोग्रॅमर नाही, हे आमच्या भाच्याने लिहून दिलंय. यात मला कळलेली मुख्य गोष्ट ही की आकडे अवतरणात आहेत, म्हणजे ते दशांश म्हणूनच आत जातात, मध्ये फ्लोट होत नाहीत. आणि रक्कमही आधी पैशापर्यंत आणलेली आहे. नग आणि दराला तीन दशांश चालतात. किलोवर विकणाऱ्यांकडे १२.३७५ किलो गुणिले ८४.२५ असं असतं. ती रक्कम पैशात न आणताच कर काढला तर बिलावर छापलेल्या रकमेवरून कॅल्क्युलेटर मारणाऱ्याला वेगळं उत्तर मिळू शकतं.

ज्यांच्या गिऱ्हाइकाचा हट्टच आहे की एकूण रकमेवर नऊ टक्के म्हणजे १५.९३च पाहिजे, त्यांच्यासाठी एक सेटिंग द्या, पण ते नीट करा. आज बरीच सॉफ्टवेअर अशा वेळी ओळींवर १५.९५ ठेवतात, खाली १५.९३ छापतात आणि फरक राउंड ऑफमध्ये गुपचूप घालतात. राउंड ऑफची ओळ बिलाची रक्कम रुपयात आणण्यासाठी आहे, कराचा फरक पुरायची ती जागा नाही. कर म्हणून बिलावर जे गोळा केलं ते सरकारला भरायचं, हे कलम ७६ स्पष्ट सांगतं. मग बिलावर दोन कर छापलेले असतील तर कोणता गोळा केला म्हणायचा?

नीट करायचं म्हणजे असं: आधी एकूणवरचा कर ठरवा, १५.९३. मग प्रत्येक ओळीचा कर खालच्या पैशावर आणा: ६.३४, ३.८२, १.५७, ४.१८. बेरीज १५.९१. दोन पैसे कमी पडले. ते दोन पैसे ज्या ओळींचा सुटलेला अंश सर्वांत मोठा त्यांना एकेक द्या. इथे सगळ्यांचा अंश सारखाच अर्धा पैसा आहे, तर मोठ्या रकमेच्या ओळींना द्या, म्हणजे बोल्ट ६.३५ आणि ग्रब स्क्रू ४.१९. आता ओळींची बेरीज बरोबर १५.९३, आणि कुठलीही ओळ नेमक्या करापासून एका पैशाहून लांब नाही. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर या तपासणीत रुपयाभराची सूट आहे, त्यात हे कुठच्या कुठे बसतं. फक्त समान अंश असताना कुणाला द्यायचं हा नियम पक्का ठेवा. नाही तर तेच बिल पुन्हा छापलं की पैसा दुसऱ्या ओळीवर जाऊन बसेल.

एमआरपीवर, म्हणजे कर धरून, विकणाऱ्यांचं उलटं असतं. १०० रुपयांच्या वस्तूचं करपात्र मूल्य ८४.७५ काढलं, त्यावर ७.६३ दोनदा लावले, की बिल १००.०१ होतं. तिथे आधी कर काढा आणि करपात्र मूल्य वजाबाकीने येऊ द्या: १०० वजा १५.२६ म्हणजे ८४.७४. बास.

माल परत येतो तेव्हा तुमच्याकडून हमखास एक गोष्ट सुटते. तीस बोल्ट विकले, सीजीएसटी ६.३५ घेतला. गिऱ्हाइकाने दहा-दहा करून तीनदा परत केले. दहा बोल्टची रक्कम २३.५०, त्यावर २.११५, म्हणजे २.१२. तीन क्रेडिट नोटांचे मिळून ६.३६. घेतला त्यापेक्षा एक पैसा जास्त परत दिला. ओळीचा शेवटचा नग परत येतो त्या क्रेडिट नोटेत गुणाकार करू नका. मूळ कर वजा आत्तापर्यंत परत दिलेला कर, एवढंच करा. म्हणजे तिसरी नोट २.११ ची. त्यासाठी क्रेडिट नोटेची ओळ मूळ बिलाच्या ओळीला जोडलेली असावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी ती फक्त बिल नंबराला जोडलेली असते.

आता खरेदीची बाजू, कारण काकांचं बिल अडकलं ते तिथे. घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला पुरवठादाराचा कर नव्याने काढून त्याच्यावर लादायचा काही अधिकार नाही. बिलावर छापलेला कर जसाच्या तसा नोंदवता आला पाहिजे. स्वतः काढलेला आकडा फक्त तपासायला वापरा. तपासताना किती फरक चालवून घ्यायचा, हेही डोळे मिटून एक रुपया ठेवू नका, आणि शून्य तर नकोच. हिशेब सोपा आहे: दर ओळीला जास्तीत जास्त अर्धा पैसा, वर एकूणच्या राउंडिंगचा अर्धा. एकेचाळीस ओळींच्या बिलावर सीजीएसटीत जास्तीत जास्त एकवीस पैसे. अकरा पैसे त्यात आरामात बसतात, बिल पास व्हायला हवं होतं. आणि चार ओळींच्या बिलावर चाळीस पैशांचा फरक आला तर तो राउंडिंगचा असूच शकत नाही. कुठेतरी नग, दर किंवा सूट चुकलेली आहे. सरसकट एक रुपयाची सूट ठेवली की अशा खऱ्या चुका तिच्या पोटात जातात, आणि शून्य ठेवली की आमच्या काकांसारखी माणसं महिनाभर फोन करत बसतात.

तुमचं सॉफ्टवेअर काय करतं हे तुम्हाला स्वतःलाच नक्की माहीत नसेल, असा माझा अंदाज आहे. दोन ठिकाणी विचारलं तर दोन उत्तरं मिळाली आहेत. म्हणून वरच्या चार ओळी एका चाचणीच्या बिलात टाका. सीजीएसटी १५.९५ आला तर ओळीवर, अर्धा वर. १५.९३ आला तर एकूणवर, मग ओळींची बेरीजही १५.९३ होते का ते बघा. १५.९२ आला तर आत कुठेतरी बँकर्स राउंडिंग बसलंय किंवा पैसे फ्लोटमध्ये आहेत; स्प्रिंग वॉशरच्या ओळीवर १.५८ असेल तर बँकर्स, १.५७ असेल तर फ्लोट. यांपैकी काहीच नसेल तरी फ्लोट शोधा. मग पाच टक्क्यांची १०७ रुपयांची एक ओळ टाकून २.६८ येतात का पाहा. शेवटी मूळ बिल, त्याचा एचएसएन रिपोर्ट, जीएसटीआर-१ ची फाइल आणि पुन्हा छापलेली प्रत शेजारी शेजारी ठेवा. चारही ठिकाणी कर पैशापैशाने तोच असायला हवा. आणि जी पद्धत वापरता ती सेटिंगच्या पानावर मराठीत एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी बिल पास करणाऱ्या माणसाला मी ती वाचून दाखवू शकेन.

काकांच्या बिलाचं विचाराल, तर अकरा पैशांची क्रेडिट नोट आम्ही दिली नाही. त्यांच्या त्या माणसाला वरचा तक्ता हाताने लिहून व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याने वरिष्ठांना दाखवून सिस्टीममध्ये कर हाताने टाकायची परवानगी काढली आणि दोन दिवसांत बिल पास केलं. पुढच्या महिन्याच्या बिलात अडोतीस ओळी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आठ आण्यांवर संपतात.

आपली,
कोल्हापुरातली एक कर सल्लागार